ट्रेमध्ये काय दिसतं

आईची बॅग एक्स-रे मशीनमधून बाहेर आली आणि सरळ आमच्याकडे यायच्या ऐवजी काचेपलीकडच्या दुसऱ्या पट्ट्यावर वळली, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आता आपण अडकणार. माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण दुबईला होतं. आई दोन महिन्यांसाठी निघाली होती आणि तिला सोबत म्हणून मी. सामान तिनेच भरलं होतं, मी फक्त वजन केलं होतं. सात किलोच्या आत बसलं म्हणून मी खूश होतो. पण सुरक्षा तपासणीत वजनाला काही किंमत नसते, तिथे चित्राला किंमत असते, हे मला त्या दिवशी उभ्या उभ्या शिकायला मिळालं. पट्ट्यापाशी बसलेल्या जवानाने बॅगेवर बोट ठेवून विचारलं, “माताजी, ये आप की बॅग है? इस में डब्बे में क्या है?” आई म्हणाली, “डिंकाचे लाडू.” त्याने मान हलवली आणि बॅग उघडायला सांगितली.

त्या बॅगेत खाली बहिणीसाठी नेलेला टॅब्लेट आडवा ठेवलेला होता. त्यावर स्टीलचा मोठा डबा, त्यात चोवीस लाडू. डब्याच्या शेजारी टॉवेलमध्ये गुंडाळलेली अर्धा किलो साजूक तुपाची बरणी. कप्प्यात चार्जरच्या वायरींचा गुंता, आणि आईच्या छोट्या कापडी बटव्यात सुटी नाणी. यातली एकही वस्तू धोक्याची नव्हती. तरी ती बॅग तीन वेळा मशीनमधून गेली आणि आमची अकरा मिनिटं मोडली. तूप तर तिथेच राहिलं. त्यानंतर मी या विषयात लक्ष घातलं. विमानतळावर काम करणाऱ्या एका मित्राने मला बसवून नीट समजावलं. ते ऐकल्यावर ट्रेमध्ये काय, कुठे आणि कसं ठेवायचं हे पाठ करावं लागत नाही, आपोआप सुचतं.

पट्ट्यावरची बॅग आत जाते तेव्हा पडद्यासमोर बसलेल्या माणसाला आपल्या बॅगेतल्या वस्तू दिसत नाहीत, त्या वस्तूंच्या सावल्या दिसतात, आणि त्याही एकावर एक पडलेल्या. मशीन कमी-जास्त शक्तीचे असे दोन प्रकारचे किरण वापरून ती वस्तू कुठल्या जातीची आहे याचा अंदाज बांधतं आणि त्याप्रमाणे रंग भरतं. अन्न, कापड, कागद, साबण, प्लास्टिक, पाणी, म्हणजे ज्यांना सेंद्रिय म्हणतात ते सगळं नारिंगी दिसतं. लोखंड, पोलाद, तांबं असे जड धातू निळे. ॲल्युमिनियमसारखा हलका धातू, किंवा दोन्ही जातींची सरमिसळ असेल ती हिरवी. आणि जिथून किरण आरपार जाऊच शकत नाहीत तिथे काळा डाग.

आता अडचण अशी की स्फोटकंही बहुतेक सेंद्रियच असतात, म्हणजे तीही नारिंगी. त्यामुळे घट्ट बांधलेला, जाड, एकसारखा नारिंगी गोळा दिसला की पडद्यासमोरचा माणूस थांबतो. तो गोळा खजुराचा असेल, चीजचा असेल, वड्यांचा थर असेल, जाड पुस्तकांची चळत असेल किंवा आईचे लाडू असतील. शेजारी वायर आणि बॅटरी दिसली की त्याला बॅग बाजूला काढावीच लागते, कारण स्फोटक, बॅटरी आणि वायर हे एकत्र दिसणं हेच तर त्याला शोधायला शिकवलेलं असतं. आईच्या बॅगेत लाडवांच्या डब्याला लागूनच चार्जरचा गुंता होता. मित्र म्हणाला, “अरे, तुमच्या बॅगेचं चित्र त्यांच्या प्रशिक्षणातल्या धड्यासारखं दिसलं असणार. त्यानं काढली नसती तरच मी त्याला दोष दिला असता.”

लॅपटॉप बाहेर का काढायला लावतात, याचं उत्तरही याच चित्रात आहे. लॅपटॉप म्हणजे धातूची चौकट, सर्किटची पाटी, पंखा आणि बॅटरी यांचे थर. एक्स-रेमध्ये तो दाट, गिचमिड दिसतो, आणि त्याच्या खाली किंवा वर जे असेल ते त्या गिचमिडीत हरवून जातं. लॅपटॉप स्वतः संशयास्पद असतो असं नव्हे. तो दुसऱ्या वस्तूंना झाकतो ही खरी अडचण. एकदा हे कळलं की लोक हमखास करतात ती चूक आपल्या हातून होत नाही. लॅपटॉप बॅगेतून काढतात, ट्रेमध्ये ठेवतात आणि मग त्याच्यावरच जॅकेट, चार्जर, फोन आणि पाकीट टाकतात. म्हणजे बॅगेतली गर्दी ट्रेमध्ये आणून ठेवली, इतकंच झालं. लॅपटॉप ट्रेमध्ये आडवा, सपाट आणि एकटा ठेवायचा. त्याचं कापडी किंवा चामडी कव्हर काढायचं. टॅब्लेट, कॅमेरा आणि पॉवर बँक दुसऱ्या ट्रेमध्ये, एकमेकांपासून थोडं अंतर ठेवून. फोनही तिथेच. वायरी गुंडाळून रबर लावलेल्या असल्या तर चित्र स्वच्छ येतं. गुंता असला तर शंका येते.

काही विमानतळांवर आता नवी मशीन आली आहेत. ती रुग्णालयातल्या सीटी स्कॅनसारखी चालतात, बॅगेभोवती फिरून सगळ्या बाजूंनी छायाचित्रं घेतात. पडद्यासमोरच्या माणसाला बॅग हवी तशी फिरवून, थराथराने बघता येते. तिथे लॅपटॉप आतच राहू द्या असं सांगतात. पण तसा फलक किंवा सूचना असेल तरच. एका विमानतळावर चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेल असं धरून बसू नये, कारण एकाच इमारतीतल्या दोन रांगांतली मशीनही वेगवेगळी असू शकतात. म्हणून लॅपटॉप नेहमी बॅगेच्या सर्वांत बाहेरच्या कप्प्यात, एका चेनने निघेल असा भरावा. कपड्यांच्या खाली गाडलेला लॅपटॉप पट्ट्यापाशी उभं राहून उपसून काढताना सगळी बॅग विस्कटते, आणि मागची रांग बघत उभी राहते.

आता नाणी आणि पट्टा. इथे एक गैरसमज आहे तो आधी दूर करतो. आपण ज्या चौकटीतून चालत जातो तिला लोक लोहचुंबकासारखं काहीतरी समजतात आणि म्हणतात, “माझ्या पट्ट्याचं बक्कल पितळेचं आहे, त्याला लोहचुंबक चिकटत नाही, मग ते का वाजतं?” त्या चौकटीच्या दोन्ही खांबांमध्ये तारेची वेटोळी असतात. त्यांतून विजेचे छोटे छोटे ठोके जात असतात आणि प्रत्येक ठोक्याबरोबर चुंबकीय क्षेत्र तयार होऊन मावळतं. त्या क्षेत्रात वीज वाहून नेणारा कोणताही धातू आला की त्याच्या अंगात क्षणभर विजेचे भोवरे उठतात, आणि त्या भोवऱ्यांचं उलट उमटणारं क्षेत्र चौकटीला कळतं. धातू लोखंडच असायला हवा अशी काही अट नाही. पितळ, ॲल्युमिनियम, सोनं, चांदी सगळं कळतं. बंद कडं असेल तर आणखी चांगलं कळतं, कारण त्यात विजेला गोल फिरायला पूर्ण वाट मिळते. म्हणून हातातल्या पाटल्या आणि तोडे लगेच जाणवतात.

चौकट थोड्याशा धातूला वाजेलच असं नसतं. तिची संवेदनशीलता ठरवलेली असते. खिशात एकटं नाणं असेल तर ते कदाचित निसटेल. पण नाणी, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल आणि गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी मिळून ते वाजतं. आपल्याकडे मात्र चौकट गप्प राहिली तरी सुटका नसते. भारतातल्या विमानतळांवर प्रत्येक प्रवाशाला लहानशा व्यासपीठावर उभं करून हातातल्या यंत्राने तपासतात. ते यंत्र अगदी जवळून फिरतं, त्यामुळे खिशातलं एकटं नाणंही सापडतं. सापडलं की काढून दाखवा, आणि कधी कधी परत जाऊन ट्रेमध्ये ठेवून मशीनमधून पाठवा. मिनिट जातं ते इथे. म्हणजे खिसे चौकटीसाठी रिकामे करायचेच, पण खरे ते त्या हातातल्या यंत्रासाठी.

नाणी कुठे ठेवायची? ट्रेमध्ये नाही. ट्रेमधली सुटी नाणी खडखडत कोपऱ्यात जातात, पट्ट्याच्या रुळांमध्ये पडतात, आणि परत घेताना हमखास राहून जातात. मित्र सांगत होता की ट्रे गोळा करणाऱ्या मुलांना नाणी आणि अंगठ्या रोज सापडतात. बॅगेच्या बाहेरच्या, चेन असलेल्या छोट्या कप्प्यात नाणी, किल्ल्या, घड्याळ, खिशातलं पेन आणि गोळ्यांचं पाकीट एकदम टाकायचं. ही गोष्ट रांगेत उभं असताना करायची, पट्ट्यासमोर आल्यावर नाही. पट्ट्याचंही तसंच. समोर तीन माणसं उरली की कमरेचा पट्टा काढायचा, गुंडाळायचा आणि त्याच कप्प्यात टाकायचा. बॅग एक्स-रेमधून जाणारच असते, त्यामुळे पट्टा बॅगेत असला काय नि ट्रेमध्ये असला काय, त्यांना तो दिसतोच. ज्यांची पँट पट्ट्याशिवाय राहत नाही त्यांनी प्रवासाच्या दिवशी कंबरेला लवचीक पट्टी असलेली पँट घालावी, हे मी माझ्या वडीलधाऱ्या मंडळींना आवर्जून सांगतो. हात वर करून व्यासपीठावर उभं राहायचं असतं, आणि त्या वेळी पँट धरायला हात मोकळे नसतात.

बायकांनी मंगळसूत्र काढायची गरज नाही. त्यांची तपासणी पडद्याआड, महिला जवान करतात. हातातलं यंत्र वाजलं की त्या दागिना डोळ्यांनी बघतात आणि पुढे पाठवतात. उलट दागिने काढून ट्रेमध्ये ठेवणं धोक्याचं, कारण बायकांची रांग वेगळी असते आणि त्यांच्याआधी त्यांचा ट्रे पलीकडे पोहोचतो.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. आत धातूच्या वाट्या आहेत, त्या वाजणारच. ज्यांच्या अंगात असा धातू बसवलेला आहे त्यांनी चौकटीपाशी जायच्या आधीच एका वाक्यात सांगावं: “गुडघ्यात धातू आहे.” डॉक्टरांचं पत्र जवळ असणं चांगलं, पण ते दाखवलं म्हणून तपासणी टळत नाही, फक्त काय वाजतंय ते समोरच्याला आधीच कळतं आणि काम सोपं होतं. पेसमेकर असलेल्यांनी मात्र हे अगदी सुरुवातीला सांगायचं आणि हाताने तपासायची विनंती करायची, म्हणजे ते यंत्र छातीवर रेंगाळत नाही.

आता तुपाची गोष्ट. या एका बाबतीत आमच्या घरात अजूनही हळहळ आहे. तूप वितळलेलं नव्हतं, बरणीत चांगलं घट्ट होतं, म्हणून आईला वाटलं की हे काही पातळ नाही. पण नियमाच्या दृष्टीने जे ओततं, पसरतं, लावता येतं, पिळून निघतं ते सगळं एकाच गटात. तूप, श्रीखंड, मुरांबा, ओली चटणी, लोणचं, गुलकंद, मध, टूथपेस्ट, काजळ, व्हॅसलीन, दाढीचा फेस, अत्तराचा फवारा, सगळं त्यात आलं. लाडू त्यात येत नाहीत, चकल्या येत नाहीत, शंकरपाळे येत नाहीत. डब्यातून उपडं केलं तर जसंच्या तसं राहील ते घन, असा अंदाज धरला तर फारसं चुकत नाही.

या नियमाला एक तारीख आहे. 10 ऑगस्ट 2006 रोजी ब्रिटनच्या पोलिसांनी एक कट उघडकीला आणला. शीतपेयांच्या साध्या बाटल्यांमध्ये द्रवरूप स्फोटक भरून ब्रिटनहून अमेरिका आणि कॅनडाला जाणारी प्रवासी विमानं उडवायची, असा तो कट होता. त्या दिवशी तिथल्या विमानतळांवर हातातलं जवळपास सगळंच सामान बंद झालं. लहान मुलांचं दूध आयांना जवानांसमोर चाखून दाखवावं लागलं. काही आठवड्यांत सूट मिळाली ती अशी की प्रत्येक द्रव जास्तीत जास्त 100 मिलिलिटरच्या बाटलीत, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक सगळीकडे तेव्हापासून हाच नियम आला. कारण पुन्हा ते चित्र. साध्या एक्स-रेमध्ये पाणीही नारिंगी दिसतं आणि घातक द्रवही नारिंगी दिसतो. बघून फरक करता येत नाही, म्हणून प्रमाणच बांधून टाकलं.

इथे शब्द नीट वाचायचा: 100 मिलिलिटर हे भांड्याचं माप आहे, आत उरलेल्या मालाचं नाही. 200 मिलिलिटरच्या बाटलीत तळाला दोन बोटं शाम्पू उरला असेल तरी ती बाटली अडते. दीडशे ग्रॅमची टूथपेस्टची ट्यूब निम्मी पिळून चपटी झालेली असली तरी अडते. म्हणून लहान बाटल्या वेगळ्या विकत घ्याव्यात, किंवा घरात औषधाच्या छोट्या बाटल्या असतात त्या धुऊन वापराव्यात. आणि ती पारदर्शक पिशवी बॅगेच्या तळाशी न ठेवता लॅपटॉपच्या जवळ, वरच ठेवावी, म्हणजे मागितली की ट्रेमध्ये बाहेर काढून ठेवता येते. बाळाचं दूध आणि प्रवासापुरती औषधं यांना सवलत असते, पण ती आपणहून दाखवायची आणि औषधासोबत चिठ्ठी ठेवायची. नाव छापलेल्या मूळ बाटलीतलंच औषध न्यावं. खोकल्याचं औषध दुसऱ्या बाटलीत ओतून नेलं तर ते काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

देशांतर्गत विमानात, म्हणजे पुण्याहून दिल्लीला किंवा मुंबईहून नागपूरला जाताना, पिण्याच्या पाण्याची बाटली सहसा नेऊ देतात. कधी एक घोट पिऊन दाखवायला सांगतात. त्या सवयीनेच लोक परदेशी जाताना भरलेली बाटली घेऊन येतात आणि कचऱ्याच्या डब्यापाशी उभं राहून घटाघटा पितात. रिकामी बाटली कुठेही अडत नाही. तपासणी झाली की आत पाण्याचा नळ असतो, तिथे भरून घ्यावी. आणखी एक गोष्ट दोन विमानं बदलून जाणाऱ्यांसाठी: विमानतळावरच्या दुकानात घेतलेली अत्तराची किंवा मद्याची मोठी बाटली दुकानदार सीलबंद पिशवीत, पावती दिसेल अशी देतो. मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी झाली तर ते सीलच तुमचा पुरावा असतो. हॉटेलात पोहोचेपर्यंत ती पिशवी फोडू नये.

मग तूप न्यायचं कसं? मोठ्या, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत. बरणीच्या तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून झाकण घट्ट फिरवायचं, त्यावर चिकटपट्टी, मग दोन पिशव्यांत बांधून मधोमध सुती साडीत गुंडाळायचं. तिखट, मसाले, लोणचं हेही तिथेच. लाडवांबद्दल एक वेगळी सूचना, तपासणीची नाही पण दुबईला जाणाऱ्या प्रत्येक आईने ऐकावी अशी: संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंद आहे, ती अमली पदार्थांच्या यादीत धरतात. आपल्या डिंकाच्या लाडवांत खसखस हमखास असते. आमच्या आईने बहिणीच्या सांगण्यावरून त्या खेपेला ती घातली नव्हती, हे आमचं भाग्य. खोबऱ्याचंही विचारून घ्यावं. सुक्या खोबऱ्यात तेल असतं आणि ते पेटतं, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोकादायक वस्तूंत मोडतं. 2024 साली शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ केबिनमध्ये नेण्याची खास, मुदतीची परवानगी द्यावी लागली होती, यावरून नेहमी तो चालत नाही हे कळतं.

मोठ्या बॅगेत एक वस्तू मात्र कधीच घालायची नाही, ती म्हणजे पॉवर बँक. तिच्यातल्या लिथियमच्या बॅटरीने कधी पेट घेतलाच तर केबिनमध्ये कर्मचारी ती विझवू शकतात. सामानाच्या पोटात तिथे माणूस नसतो. पॉवर बँक मोठ्या बॅगेत सापडली तर तुमचं नाव पुकारून बॅग उघडायला बोलावतात, आणि तोवर तुम्ही तपासणीच्या रांगेत अर्ध्यावर आलेले असता. हातातल्या बॅगेतही 100 वॉट-तासांपर्यंतची विनापरवाना चालते. डब्यावर एमएएचमध्ये आकडा लिहिलेला असतो, त्याला 3.7 ने गुणून हजाराने भागलं की वॉट-तास येतात. वीस हजारांची पॉवर बँक 74 वॉट-तासांची होते, म्हणजे चालते. आकडा पुसून गेलेली पॉवर बँक मात्र घरी ठेवावी, कारण तो वाचता आला नाही तर ती ठेवून घेतात.

परतीच्या प्रवासात मी आईची बॅग स्वतः भरली. स्टीलच्या डब्याऐवजी रुंद, पसरट प्लास्टिकचा डबा घेतला आणि खजूर दोन थरांत न ठेवता एका थरात लावले. वायरींची पिशवी दुसऱ्या टोकाला. टॅब्लेट बाहेरच्या कप्प्यात. बटवा, घड्याळ, किल्ल्या, आईच्या गोळ्या छोट्या चेनच्या कप्प्यात. रांगेत उभं असताना मी पट्टा काढून त्याच कप्प्यात टाकला. पट्ट्यापाशी आल्यावर फक्त दोन कामं उरली होती: टॅब्लेट आणि लॅपटॉप वेगवेगळ्या ट्रेमध्ये सपाट ठेवणं, आणि द्रवांची पिशवी त्यांच्या शेजारच्या ट्रेमध्ये टाकणं.

ट्रे लावण्याचाही एक क्रम मी तेव्हापासून पाळतो. सगळ्यात आधी बॅग, मग जॅकेट किंवा बूट काढायला सांगितले असतील तर ते, आणि लॅपटॉप शेवटी. कारण पलीकडे पोहोचल्यावर मला बूट घालायला वेळ लागतो, आणि तोवर लॅपटॉप अजून मशीनच्या आत, सुरक्षित असतो. शेवटचा ट्रे रबरी पडद्याआड गेलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी चौकटीकडे वळत नाही. माझे किती ट्रे गेले तो आकडा मनात धरतो, कारण पलीकडे सगळ्यांचे ट्रे सारखेच दिसतात आणि करड्या रंगाचे लॅपटॉपही. त्या दिवशी आमचे पाच होते. आई पडद्याआडून बाहेर आली तेव्हा पाचही ट्रे समोर होते आणि एकही बॅग वळली नव्हती.

बॅग वळलीच, तर घाई करून हात घालू नये. ती जवान स्वतः उघडतो, आपल्यासमोर. आपण फक्त सांगायचं की लाडू कुठे आहेत, वायर कुठे आहे. कधी तो कापडाच्या पट्टीने बॅगेची आतली बाजू पुसून ती पट्टी छोट्या यंत्रात घालतो. स्फोटकाचे कण आहेत का, हे ते यंत्र काही सेकंदांत सांगतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बरेचदा ती निवड यादृच्छिक असते. आणि “बॉम्ब” हा शब्द तिथे चुकूनही, हसण्यावारीही काढायचा नाही, कारण तो ऐकल्यावर त्या जवानाला तुम्हाला रोखणं भागच असतं.

वाचकांना एकच विनंती आहे. आपला ट्रे आला की तो उचलून पलीकडच्या बाकावर न्या, आणि पट्टा, बूट, घड्याळ तिथे बसून घाला. पट्ट्याच्या तोंडाशी उभं राहून बक्कल लावत बसलात तर मागचे ट्रे एकमेकांवर आदळून थांबतात, आणि त्यातला एक ट्रे पडद्याआड तपासणी देत असलेल्या कुणाच्या तरी आईचा असतो.